एका रोजकीर्दीच्या दोन खतावण्या

माझ्यासमोर टेबलावर दोन कागद आहेत. दोन्ही एकाच बाईचे, दोन्ही दोन-दोन पानांचे रेझ्युमे. पहिला अन्नप्रक्रिया कारखान्यातल्या गुणवत्ता विभागाच्या नोकरीसाठी आहे, दुसरा त्याच उद्योगात कामगारांना अन्नसुरक्षेचे प्रशिक्षण देण्याच्या नोकरीसाठी. बाई आमच्या सोसायटीतली, वय चौतिशीच्या आसपास. तिच्या परवानगीने मी या कागदांबद्दल लिहितो आहे. तिचे नाव आणि कंपन्यांची नावे वगळली आहेत. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, ओळी मी मराठीत देतो.

कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात माझी सत्तावीस वर्षे गेली. रेझ्युमे वाचणे हे माझे रोजचे काम होते आणि बहुतेक रेझ्युमे विसरण्याजोगे असतात. ही जोडी मी तीन वेळा वाचली, चौथ्यांदा वाचतो आहे. एकेकटा कागद वाचला तर तो नेटका आहे, एवढेच म्हणता येईल. दोन्ही शेजारी ठेवले की खरी गंमत सुरू होते. एकच आयुष्य दोन वेगळ्या दिशांना तोंड करून उभे आहे आणि कुठेही स्वतःला खोटे पाडत नाही.

हे पहिल्या झटक्यात साधलेले नाही. मला प्रथम दाखवलेले मसुदे वेगळे होते, आणि तेही मी जपून ठेवले आहेत. चीजेची आधीची आणि नंतरची दोन्ही रूपे ऐकली तर ती नीट कळते, म्हणून मधूनमधून त्या मसुद्यांकडेही जाईन.

सुरुवात शिक्षणापासून करतो, कारण तिथे एक बारीक जागा आहे. बाईची बी.एस्सी. 2013 ची, एम.एस्सी. 2015 ची, विषय सूक्ष्मजीवशास्त्र, विद्यापीठ एकच. पण 2014 साली पुणे विद्यापीठाचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. त्यामुळे तिच्या एका गुणपत्रिकेवर जुने नाव आहे आणि दुसरीवर नवे. पहिल्या मसुद्यात तिने दोन्ही पदव्यांपुढे नवे नाव लिहिले होते, दुसऱ्यात दोन्हींपुढे जुने. दोन्हींत लबाडी नव्हती. दोन वेगळ्या रात्री, दोन वेगळ्या जुन्या फायलींतून उतरवले, इतकेच. पण दोन्ही कागद ज्याच्या हाती पडतील त्याच्या मनात पहिले कुसळ इथेच अडकले असते. आता दोन्हीकडे बी.एस्सी.पुढे ‘पुणे विद्यापीठ, आताचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असे आहे आणि एम.एस्सी.पुढे नुसते नवे नाव. जे प्रमाणपत्रावर छापले आहे ते आधी, आजचे नाव नंतर. एका ओळीत वाचणाऱ्याची शंका उगवण्याआधीच मिटते.

ही शिस्त तिला कशी सापडली, ते सांगायला हवे. मसुदे घेऊन ती आली तेव्हा मी तिला एकच विचारले, ‘‘यातला मूळ कागद कुठला?’’ ती म्हणाली, ‘‘काका, हा पहिला केला, मग त्याची कॉपी करून दुसरा.’’ दुखणे तिथेच होते. कॉपीवर कॉपी होत गेली की तारखा घसरतात, हुद्दे बदलतात आणि कोणता बदल मुद्दाम केला, कोणता चुकून झाला हे नंतर लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. माझे वडील किराणा दुकानाची वही लिहीत. रोजकीर्दीत त्या दिवशी जे घडले ते घडले तसे, घडले त्या क्रमाने. खतावणीत तेच व्यवहार खात्यांप्रमाणे मांडलेले. खतावण्या दोन असोत की दहा, त्यातली प्रत्येक रक्कम रोजकीर्दीत सापडलीच पाहिजे. मी तिला तेवढेच सांगितले. तिने दुसऱ्या दिवशी एक लाँगबुक आणले.

त्या वहीतली तीन पाने या दोन रेझ्युमेंची जननी आहेत. प्रत्येक नोकरीसाठी तिने कागद काढून समोर ठेवले: नेमणूकपत्र, बढतीचे पत्र, रिलीव्हिंग लेटर, शेवटची पगारपावती आणि भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावरची नोकऱ्यांची नोंद. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पत्रावरचा हुद्दा, पगार कोणाच्या नावाने येत होता, वरिष्ठ कोण, आणि हे कोणत्या कागदावर आहे. प्रत्येक आकड्यापुढे त्याचा पुरावा. जिथे पुरावा नव्हता तिथे तिने पेन्सिलने लिहिले. पेन्सिलीतली एकही गोष्ट छापील रेझ्युमेत गेलेली नाही.

भविष्यनिर्वाह निधीची नोंद पाहणे हे आजच्या घडीला ऐच्छिक राहिलेले नाही. 2014 पासून प्रत्येक सभासदाला एकच युएएन क्रमांक असतो आणि त्याखाली साऱ्या नोकऱ्या, रुजू-सोडल्याच्या तारखांसह, ओळीने दिसतात. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा बऱ्याचदा हीच यादी मागते. तिच्या दुसऱ्या नोकरीचे रिलीव्हिंग लेटर 31 ऑगस्ट 2022 चे आहे, पण निधीच्या नोंदीत सोडल्याची तारीख त्याच महिन्यातली काही दिवस आधीची पडली आहे. असे घडते, कारण ती तारीख कधी कंपनीचा कारकून भरतो, कधी सभासद स्वतः, काही महिने उलटल्यावर. दोन्ही रेझ्युमेत तिने महिना आणि वर्ष एवढेच दिले आहे. महिना जुळतो, म्हणून कोणताही कागद खोटा पडत नाही. मसुद्यात मात्र एकीकडे ‘मार्च 2019 ते ऑगस्ट 2022’ होते आणि दुसरीकडे नुसते ‘2019–2022’. नुसती वर्षे लिहिली की वाचणाऱ्याला वाटते, काहीतरी झाकले आहे. इथे झाकण्यासारखे काही होतेही. त्याकडे पुढे येतो.

हुद्द्याची ओळ माझ्या आवडीची आहे. दुसऱ्या कंपनीत, म्हणजे फरसाण आणि वेफर्स बनवणाऱ्या कारखान्यात, तिचा हुद्दा ‘एक्झिक्युटिव्ह, गुणवत्ता हमी’ होता, एप्रिल 2021 पासून ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’. प्रशिक्षणाच्या मसुद्यात तिने तिथे ‘ट्रेनिंग ऑफिसर’ लिहिले होते. मी भुवया उंचावल्या तेव्हा ती कळवळून म्हणाली, ‘‘काका, खरंच काम तेच होतं. मीच शिकवायचे सगळ्यांना.’’ मला ते मान्य होते. पण कंपनीला फोन गेला असता तर तिथल्या मुलीने संगणकावर पाहून सांगितले असते, असा हुद्दा आमच्याकडे नाही. त्या एका वाक्याने तिचे बाकीचे सगळे खरे काम संशयात गेले असते. आता दोन्हीकडे पत्रावरचा हुद्दा अक्षर न बदलता आहे. त्याच्या खालची ओळ बदलते. पहिल्या कागदावर: ‘मुख्य जबाबदारी: तळण व पॅकिंग लाइनवरील तपासणी, गळती-चाचणी, पुरवठादारांचे ऑडिट.’ दुसऱ्यावर: ‘या हुद्द्यावर असताना एप्रिल 2021 पासून पाळीतील कामगारांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी.’ ‘या हुद्द्यावर असताना’ हे तीन साधे शब्द दुसऱ्या कागदाचा कणा आहेत. हुद्दा कंपनीने दिलेला, काम तिने केलेले, दोघांनाही आपापली जागा मिळाली.

आजच्या नोकरीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. फेब्रुवारी 2023 पासून ती एका मोठ्या कारखान्यात बसते, पण पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून येतो. निधीच्या नोंदीत एजन्सीचे नाव, गळ्यातल्या ओळखपत्रावर कारखान्याचे. एजन्सीच्या पत्रात ‘क्वालिटी असोसिएट’, तर लाइनवर सगळे तिला ‘लाइन लीड’ म्हणतात. कॉन्ट्रॅक्टवर असल्याची आपल्याकडे लोकांना उगाच लाज वाटते आणि एजन्सीचे नाव गाळले जाते. तिने दोन्ही कागदांत एजन्सी आधी लिहिली, मग कामाचे ठिकाण. ‘लाइन लीड’ कुठेच नाही. तो शब्द वहीत पेन्सिलनेच राहिला.

आता त्या जागेकडे येतो जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

फरसाण कारखान्यात पाकिटे गळत असत. सील नीट बसले नाही की हवा शिरते, आतला माल मऊ पडतो, तेल खवट होते, ग्राहकाची तक्रार येते. 2021 च्या एप्रिलमध्ये महिन्याला सरासरी 14 तक्रारी होत्या, वर्ष संपताना 6 झाल्या. गुणवत्तेच्या मसुद्यात ओळ अशी होती: ‘गळती-चाचणी दर दोन तासांऐवजी दर तासाला सुरू करून तक्रारी 14 वरून 6 वर आणल्या.’ प्रशिक्षणाच्या मसुद्यात: ‘कामगारांना सील-तपासणीचे प्रशिक्षण देऊन तक्रारी 14 वरून 6 वर आणल्या.’

तारीख तीच. आकडा तोच. कंपनी तीच. तारखा-हुद्दे जुळवून पाहणाऱ्या कोणालाही इथे खोट सापडणार नाही. तरीही ही त्या दोन मसुद्यांतली सर्वांत मोठी विसंगती होती, कारण एकाच आठच्या घसरणीचे पूर्ण श्रेय दोन वेगळ्या कारणांना दिले गेले होते. चाचणीने सगळे साधले असेल तर प्रशिक्षणाने काय केले? मुलाखतीत कोणी सहज विचारले असते, ‘‘आणखी काही बदलले होते का त्या काळात?’’ तर तिला दुसऱ्या कागदातले वाक्य तोंडी सांगावे लागले असते आणि हातातला कागद तिथेच लटका पडला असता.

असे दावे चुकून घडतात, कारण रेझ्युमे लिहिण्याचे सल्ले सगळीकडे एकच सांगतात: कृती लिहा, मग परिणामाचा आकडा. कृती बदलली की माणूस तोच आकडा उचलून नव्या कृतीच्या शेपटीला बांधतो. हाताला सवय लागते.

आताची ओळ दोन्ही कागदांत शब्दशः एकच आहे: ‘पाकीटगळतीच्या तक्रारी महिन्याला सरासरी 14 वरून 6 वर आल्या, या काळात गळती-चाचणी दर तासाला झाली आणि 32 कामगारांचे सील-तपासणीचे प्रशिक्षण झाले.’ क्रियापद पाहा. ‘आणल्या’ गेले, ‘आल्या’ आले. कारणाचा दावा सोडून दिला आणि त्या काळात काय काय घडले ते शेजारी ठेवले. वाचणारा आपला निष्कर्ष काढायला मोकळा आहे, आणि तो जो काढेल तो तिच्या बाजूनेच असेल. मी इतकी वर्षे ‘आणल्या’ वाचत आलो. ‘आल्या’ वाचून त्या व्यक्तीवर जास्त विश्वास बसतो हे मला या कागदाने दाखवले.

या सामाईक ओळीनंतर मात्र दोन कागद आपापल्या वाटेने जातात, आणि किती सुंदर जातात! पहिला कागद सांगतो: निर्वात टाकीत पाकीट पाण्याखाली धरून बुडबुडे पाहण्याची पद्धत तिने लेखी उतरवली, सीलच्या जबड्याचे तापमान नोंदवण्याचा तक्ता केला, कोणत्या वाचनावर लाइन थांबवायची हे ठरवले. दुसरा सांगतो: पाळी बदलताना वीस मिनिटांचे सत्र, हातात बिघडलेल्या सीलची खरी पाकिटे, सुरकुती कोणती आणि जळका डाग कोणता हे बोटाने ओळखायला शिकवणे, मराठी आणि हिंदीतला एकपानी तक्ता यंत्राजवळ चिकटवलेला. एकच बाई, एकच पाकीट. एकदा ती यंत्राकडे पाहते, एकदा यंत्रावरच्या माणसाकडे.

अशा दोन ओळी शेजारी आल्या की मी एक हिशेब मनात करतो. दोन्ही कागदांतली कामे एकाच आठवड्यात मावतात का? मसुद्यांत मावत नव्हती. एकीकडे तिन्ही पाळ्यांची पूर्ण तपासणी तिच्या नावावर होती, दुसरीकडे ‘दररोज प्रशिक्षण’. दोन्ही मिळून आठवडा दहा दिवसांचा झाला असता. आता दुसऱ्या कागदावर ‘आठवड्याला तीन सत्रे’ आहे, म्हणजे एक तास. हा आकडा लहान दिसतो म्हणून तिला तो नको होता. पण तो खरा आहे आणि पहिल्या कागदातल्या कामाला जागा सोडतो. शिवाय जाणणाऱ्याला कळते की पाळी बदलताना आठवड्याला तीन वेळा सलग कामगार थांबवून ठेवणे ही छोटी गोष्ट नाही.

अनुभवाच्या वर्षांचेही असेच. एका मसुद्याच्या माथ्यावर ‘10 वर्षांचा अनुभव’ होता, दुसऱ्याच्या माथ्यावर ‘6 वर्षे प्रशिक्षण’. जुलै 2015 ते जून 2025 असे सरळ मोजले तर दहा येतात, पण मधला विराम धरता येत नाही. महिने मोजले तर 115, म्हणजे साडेनऊ वर्षे. प्रशिक्षणाची सहा वर्षे तिने फरसाण कारखान्यात रुजू झाल्यापासून धरली होती, जबाबदारी मात्र एप्रिल 2021 ला आली. विराम वगळून ते 46 महिने होतात. आता पहिला कागद म्हणतो, ‘अन्नगुणवत्तेत साडेनऊ वर्षे.’ दुसरा म्हणतो, ‘अन्नगुणवत्तेत साडेनऊ वर्षे, त्यातील 46 महिने प्रशिक्षणाच्या जबाबदारीसह.’ ‘त्यातील’ या शब्दाने दुसरा आकडा पहिल्याच्या पोटात बसतो. दोन बेरजा वेगवेगळ्या उरत नाहीत.

विरामाबद्दल बोलायचे राहिले. सप्टेंबर 2022 ते जानेवारी 2023 ती वडिलांच्या आजारपणामुळे घरी होती. त्याच काळात तिने पापड-लोणची करणाऱ्या बायकांच्या बचत गटांसाठी स्वच्छतेवर दोन कार्यशाळा घेतल्या, पैसे न घेता. गुणवत्तेच्या मसुद्यात तो काळ ‘कौटुंबिक कारण’ होता, प्रशिक्षणाच्या मसुद्यात ‘स्वतंत्र प्रशिक्षक’. ‘‘दोन्ही खरंच आहे की,’’ असे ती म्हणाली, आणि ते खरेही होते. पण पाच महिन्यांना दोन कागदांत दोन नावे मिळाली की ज्याने दोन्ही वाचले त्याला वाटते, यातले एक बनावट. आता दोन्हीकडे एकच ओळ आहे: ‘कौटुंबिक कारणासाठी विराम, या काळात बचत गटांसाठी अन्नस्वच्छतेच्या 2 विनामोबदला कार्यशाळा.’ मला ही ओळ हृद्य वाटते. गुणवत्तेच्या नोकरीसाठी कार्यशाळांची गरज नव्हती, प्रशिक्षणाच्या नोकरीसाठी आजारपणाची. तिने दोन्हीकडे दोन्ही ठेवले.

गाळण्याचा हक्क तिने कुठे वापरला, तेही पाहण्यासारखे आहे. पहिली नोकरी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेतली. गुणवत्तेच्या कागदावर तिला चार ओळी आहेत: पाश्चरीकरण पुरे झाले का हे सांगणारी फॉस्फटेज चाचणी, कोलिफॉर्म, मिथिलीन ब्लूची चाचणी, गर्बर पद्धतीने फॅट. प्रशिक्षणाच्या कागदावर या सगळ्याची एकच ओळ झाली आहे. मसुद्यात ती नोकरी तिने पुरती काढून टाकली होती, आणि मग एम.एस्सी.नंतर जवळपास चार वर्षांचे भगदाड दिसत होते. तपशील गाळता येतो, नोकरी गाळता येत नाही. कंपनी, महिने आणि हुद्दा यांची ओळ दोन्हीकडे सारखीच उभी आहे, फक्त तिच्या खालचा मजकूर आखडला आहे.

एक दोष सांगतो, कारण आवडलेल्या गोष्टीतला दोष लपवणे मला बरे वाटत नाही. पहिल्या कागदाच्या माथ्यावरचा चार ओळींचा परिचय अजून सपक आहे. ‘निष्ठावान, मेहनती’ ही विशेषणे तिथे कशी उरली कळत नाही. वहीत त्यांचा पुरावा कुठेच नाही. दुसरा कागद मला अधिक सरस वाटतो. तिथे परिचय थेट त्या वीस मिनिटांच्या सत्रापासून सुरू होतो. प्रमाणपत्राच्या ओळीत मात्र दोन्ही सावध आहेत. आयएसओ 22000 चे तिने दोन दिवसांचे अंतर्गत लेखापरीक्षकाचे प्रशिक्षण घेतले आहे. पाच दिवसांचा लीड ऑडिटरचा अभ्यासक्रम वेगळा, आणि पहिल्या मसुद्यात तोच शब्द शिरला होता. तो आता गेला.

ही जोडी एकाच कंपनीकडे पाठवू नये. भरतीचे सॉफ्टवेअर ईमेल आणि फोन नंबरवरून माणूस ओळखते आणि दोन्ही फायली बहुधा एकाच नोंदीखाली ठेवते. कागद सुसंगत असले तरी वाचणाऱ्याला अर्जदाराचे मन ठरलेले दिसत नाही. दोन्ही जागा एकाच ठिकाणी असतील तर एकच कागद आणि सोबतच्या पत्रात दोन वाक्ये पुरतात. लिंक्डइनवरचे पान हा न पाठवलेला तिसरा कागद, तो सगळ्यांना दिसतो. तिथे तिने महिने आणि हुद्दे वहीवरून उतरवले आणि ‘लाइन लीड’ तिथूनही काढला. फाइलचे नावही तिने बदलले. पूर्वी `CV_training_NEW_final2.pdf` होते. आता दोन्ही फायलींवर फक्त तिचे नाव आणि महिना आहे, आणि पीडीएफच्या गुणधर्मांत दडून राहिलेले जुने शीर्षकही तिने पुसले.

शेवटच्या ओळीत दोन्ही कागदांवर संदर्भासाठी तीच दोन नावे आहेत. त्यातले एक फरसाण कारखान्यातले तिचे वरिष्ठ, आता निवृत्त. कोणाचा फोन कोणत्या कागदासाठी येईल हे सांगता येत नाही, म्हणून तिने त्यांना दोन्ही कागद पाठवले. त्यांनी दोन दिवसांनी फोन केला आणि एकच आकडा दुरुस्त केला. तोपर्यंत दोन्हीकडे 40 कामगारांचे प्रशिक्षण लिहिलेले होते, आणि वहीतही, शाईने, हजेरीपत्रकाच्या आधारावर. वरिष्ठ म्हणाले, त्यातले आठ जण दोनदा बसले होते, दुसरी पाळी बदलून आल्यामुळे. तिने हजेरीपत्रक पुन्हा काढले, नावे मोजली. ती 32 भरली. आधी वही दुरुस्त झाली, मग त्याच संध्याकाळी दोन्ही कागद.